शैली-मॉडेलवर केलेलं चित्र विकण्याआधी: एका पोस्टरची परवाना-तपासणी

तपासणीला एक पोस्टर घेऊ. पावसात भिजलेला रस्ता, दिव्यांचे पिवळे-केशरी ठिपके, रंगाचे जाड फटकारे. मुळात तो एक साधा फोटो होता. त्याच्यावर स्टाइल ट्रान्सफरचं, म्हणजे एका चित्राची शैली दुसऱ्यावर चढवणारं, मॉडेल चालवलं, आलेल्या चित्राचा आकार वाढवला, आणि आता ते बारा बाय अठरा इंची कागदावर, मगवर आणि टी-शर्टवर छापून विकायचं आहे.

‘असं चित्र विकता येतं का’ या प्रश्नाला थेट उत्तर नाही. या पोस्टरमागे पाच गोष्टी आहेत: मूळ फोटो, ज्याची शैली उचलली ते चित्र, मॉडेल चालवणारा कोड, मॉडेलची वेट्सची, म्हणजे ते जे शिकलं त्या आकड्यांची, फाइल आणि आकार वाढवणारं दुसरं मॉडेल. प्रत्येकाचा मालक वेगळा आणि अटीही वेगळ्या. पाचांपैकी चौघांनी मोकळीक दिली आणि एकाने ‘फक्त संशोधनासाठी’ म्हटलं, तर पोस्टर त्या एकाशी अडतं. म्हणून आम्ही तपासणीची सुरुवात कायद्याच्या पुस्तकापासून करत नाही. आधी एका कोऱ्या फाइलमध्ये या पाच ओळी लिहितो आणि प्रत्येकीसमोर परवाना नोंदवत जातो. जिच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, तिथे थांबतो.

कोडपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. आपल्या पोस्टरसाठी `lengstrom/fast-style-transfer` हा जुना, लोकप्रिय रेपो वापरला आहे असं धरू. गिटहबवर उघडा पडलेला कोड म्हणजे मोकळा कोड, असा सर्रास समज असतो. या रेपोच्या `README`मध्ये खाली परवान्याचा छोटा मजकूर आहे: संशोधनासाठी वापर फुकट, श्रेय द्या, आणि संशोधन सोडून दुसऱ्या कुठल्याही वापरासाठी लेखकाशी संपर्क करा. पोस्टर विकणं हे संशोधन नव्हे, हे सांगायला वकील लागत नाही. `jcjohnson/fast-neural-style` या दुसऱ्या प्रसिद्ध रेपोतही तसंच: वैयक्तिक किंवा संशोधनाच्या वापराला मुभा, व्यावसायिक वापरासाठी विचारा. गंमत अशी की त्याच लेखकाचा आधीचा `jcjohnson/neural-style` मात्र एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली आहे. माणूस एक, विषय एक, नावंही जवळजवळ सारखी, आणि अटी एकदम वेगळ्या. म्हणून नोंदीत ‘जॉन्सनचा कोड’ असं लिहून चालत नाही. रेपोचं पूर्ण नाव आणि कमिट क्रमांक लिहावा लागतो.

रेपोच्या पानावर उजवीकडे परवान्याचं नाव दिसतं, त्यावरही भिस्त ठेवू नये. ते नाव `LICENSE` फाइलचा मजकूर ओळखून लावलेलं असतं. `README`मध्ये खाली लिहिलेली अट तिथे उमटत नाही. आणि परवान्याचा मजकूर कुठेच नसेल, तर त्याचा अर्थ ‘सगळ्यांना खुला’ असा होत नाही, ‘सर्व हक्क राखीव’ असा होतो. रेपो उतरवून घेतल्यावर एवढं चालवलं की बहुतेक अटी समोर येतात:

```
grep -rniE "commercial|research" --include="README*" --include="LICENSE*" .
git log --date=short --format="%h %ad %s" --follow -- LICENSE
git rev-parse HEAD
```

पहिली ओळ अटींचे शब्द शोधते. दुसरी `LICENSE` फाइल कधी आणि किती वेळा बदलली ते दाखवते. तिसरी तुम्ही नेमकी कुठली आवृत्ती वापरलीत ते सांगते. परवाना मध्येच बदलला असेल, तर तुमच्या कमिटच्या वेळी जो मजकूर होता तो जपून ठेवायचा. मोकळ्या परवान्याखाली घेतलेली जुनी आवृत्ती नंतरच्या कडक परवान्याने सहसा बंद होत नाही, पण ती आपल्याकडे जुनीच होती हे दाखवता आलं पाहिजे.

इथे एक आक्षेप हमखास येतो: कोड दुसऱ्याचा असला म्हणून चित्र त्याचं कसं होईल? होत नाही, हे खरंच आहे. पण अडचण चित्राच्या मालकीची नसते, कोडच्या वापराची असते. परवाना देणाऱ्याने आपला प्रोग्राम अमुक कामासाठी चालवायला दिला. तुम्ही तो विक्रीचा माल तयार करायला चालवला. अटभंग तिथेच झाला, पुढे आलेलं चित्र कुणाचंही असो. वेट्सच्या फाइलवर कॉपीराइट असतो की नाही, यावर अजून एकमत झालेलं नाही. तो वाद जिंकण्याच्या भरवशावर मगची ऑर्डर घेणं हा धंदा नव्हे, जुगार आहे.

आता वेट्स. कोडचा परवाना वेट्सना आपोआप लागू होत नाही, हे या विषयातलं सगळ्यात उपयोगी वाक्य असेल. चेहऱ्यावर काम करणाऱ्या `InsightFace`चा कोड एमआयटीखाली आहे, पण त्याच प्रकल्पाने दिलेली प्रशिक्षित मॉडेल्स फक्त बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी आहेत. फोटोला ॲनिमेचं रूप देणाऱ्या `AnimeGANv2`च्या मूळ लेखकाच्या अटींतही बिगर-व्यावसायिक वापरालाच परवानगी आहे. फोटोचं कार्टून करणारं `White-box-Cartoonization` हे `CC BY-NC-SA 4.0` खाली आहे आणि व्यावसायिक वापराला मनाई असं त्यात वेगळं लिहिलंही आहे.

या मॉडेलांची रूपांतरं ठिकठिकाणी फिरत असतात. कुणी वेट्स दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये बदलून घेतलेली असतात, कुणी मोबाइलसाठी आटवलेली असतात, कुणी त्यावर छान वेबपान बांधलेलं असतं. अशा रूपांतराच्या रेपोत कधी कधी मोकळा परवाना चिकटवलेला असतो. पण वेट्स मूळच्याच फाइलमधून काढल्या असतील, तर रूपांतर करणाऱ्याला मूळ अट सैल करण्याचा अधिकार नसतो. त्याने लिहिलेला कोड तेवढा त्याचा. ओळखायची खूण सोपी आहे. `README`मध्ये वेट्स ‘कन्व्हर्ट’ केल्याचा उल्लेख असेल, किंवा वेट्सच्या फाइलचं नाव मूळ रेपोतल्या नावाशी जुळत असेल, तर मूळ रेपो गाठायचा आणि तिथलाच परवाना नोंदवायचा. वेट्स कुणाच्या तरी ड्राइव्हच्या दुव्यावरून उतरवल्या असतील आणि सोबत कसलाच कागद नसेल, तर ती ओळ कोरी राहते.

किती मागे जायचं, हा प्रश्न रास्त आहे. स्टाइल ट्रान्सफरची बहुतेक पद्धत चित्रं ओळखायला शिकवलेल्या `VGG` नेटवर्कवर उभी आहे. त्या नेटवर्कच्या वेट्स श्रेय देण्याच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मिळतात, पण त्या ज्या चित्रसाठ्यावर शिकवल्या तो संशोधनासाठी दिलेला होता. असं खोदत गेलं तर तळ लागत नाही. आम्ही वेट्स ज्यांनी प्रसिद्ध केल्या त्यांनी लावलेल्या परवान्यापाशी थांबतो. त्यापलीकडचा प्रश्न प्रत्येक मॉडेलबाबत खुलाच आहे आणि पोस्टर विकणाऱ्याच्या हाताने तो सुटणारा नाही.

तिसरी ओळ शैलीच्या चित्राची. झटपट स्टाइल ट्रान्सफरमध्ये एका चित्रासाठी एक मॉडेल असतं, त्यामुळे फाइलचं नाव वाचलं की चित्र कळतं. वर सांगितलेल्या रेपोत सहा तयार मॉडेल्स आहेत: `la_muse`, `rain_princess`, `scream`, `udnie`, `wave` आणि `wreck`. आपलं पोस्टर `rain_princess`चं. ते चित्र लिओनिद आफ्रेमोव्ह यांचं, आणि ते वारले २०१९ साली. जिथे कॉपीराइट मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, तिथे तो २०८९च्या अखेरपर्यंत आहे. बाकीची नावं त्याच हिशोबाने पाहिली तर चित्र असं दिसतं: `wave` होकुसाईचं आणि `wreck` टर्नरचं, दोघेही एकोणिसाव्या शतकात गेले, `scream` मुंकचं, तो १९४४ साली वारला, म्हणजे मुदत २०१४च्या अखेरीस संपली, `udnie` पिकाबियाचं, तो १९५३ साली गेला, म्हणजे २०२४च्या पहिल्या दिवसापासून मोकळं, आणि `la_muse` पिकासोचं, तो गेला १९७३ साली, म्हणून २०४३ संपेपर्यंत थांबा. ही मुदत देशोदेशी वेगळी आहे. भारतात ती मृत्यूनंतर ६० वर्षं आहे, काही देशांत ५०. अमेरिकेत जुन्या चित्रांसाठी प्रकाशनाच्या वर्षावरून वेगळा हिशोब लागतो. माल जिथे जिथे जाणार, त्यातला सगळ्यात कडक नियम धरायचा.

यावर कुणी म्हणेल, शैलीवर कुठे कॉपीराइट असतो? नसतो. कॉपीराइट मांडणीवर, रेषेवर, प्रत्यक्ष अभिव्यक्तीवर असतो. ‘जाड फटकारे आणि ओल्या रस्त्यावरचे दिवे’ या कल्पनेवर नाही. तंत्रही इथे थोडं आपल्या बाजूचं आहे. शैलीचं माप घेताना ग्रॅम मॅट्रिक्स काढतात, त्यात कुठला पोत किती आणि कशाबरोबर येतो हे उरतं, तो चित्रात कुठे होता हे निघून जातं. म्हणून छत्री घेतलेली आकृती किंवा झाडांची रांग जशीच्या तशी तुमच्या पोस्टरमध्ये येत नाही. पण शैलीचं वजन फार वाढवलं, की मूळ चित्राचे ओळखू येणारे तुकडे, विशिष्ट वळण, रंगांची विशिष्ट जोडी, पुन्हा पुन्हा उमटायला लागतात.

हे पाहण्याची एक चांगली युक्ती आहे. मॉडेलला फोटोऐवजी एकरंगी राखाडी चित्र द्या. त्यात विषय काहीच नसतो, त्यामुळे बाहेर जे येतं ते बहुतांशी मॉडेलने शैलीच्या चित्रातून उचललेलं असतं. नुसती खरखर आणि रंगांची ओढ दिसली तर धोका कमी. मूळ चित्र शेजारी ठेवून ‘हा तुकडा इथला’ असं बोट दाखवता आलं, तर ते मॉडेल विक्रीच्या मालासाठी बाजूला ठेवावं. तुमच्या फोटोतल्या सपाट जागांत, म्हणजे आकाश, भिंत, डांबर यांत, हेच तुकडे उमटतात; पोस्टरवर नजर आधी तिथे फिरवा.

चित्रकाराचं नाव हा वेगळाच मामला आहे. चित्र निर्धोक असलं तरी विक्रीच्या पानावर शीर्षकात हयात किंवा अलीकडे गेलेल्या चित्रकाराचं नाव घातलं, की ग्राहकाची दिशाभूल आणि नावाच्या वापराची तक्रार येऊ शकते. फोटो, रंग, ऋतू यांवरून शीर्षक द्या. नाव विक्री वाढवतं म्हणूनच ते घालायचं नाही.

चौथी ओळ फोटोची, आणि इथे ढिलाईला जागाच नाही. ‘फिल्टर लावल्यावर फोटो नवा होतो’ ही समजूत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आली आहे. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ साली गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ साली एका मासिकाने ४०० डॉलर देऊन तो चित्रासाठी आधार म्हणून एकदाच वापरायची परवानगी घेतली आणि अँडी वॉरहॉलने त्यावरून चित्र केलं. वॉरहॉलने त्या फोटोवरून आणखीही चित्रं केली होती. त्यातलं एक, नारिंगी रंगातलं, २०१६ साली त्याच्या प्रतिष्ठानने १०,००० डॉलरला मासिकाच्या मुखपृष्ठासाठी दिलं. गोल्डस्मिथना त्यातलं काही मिळालं नाही. १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. निकाल त्या परवान्यापुरताच होता, आणि उचित वापराच्या चार कसोट्यांपैकी पहिल्या कसोटीपुरताच: दोन्ही चित्रं एकाच कामासाठी, म्हणजे मासिकात त्या गायकाचं रूप दाखवायला, वापरली गेली आणि तीही पैसे घेऊन, म्हणून ती कसोटी गोल्डस्मिथच्या बाजूने गेली. वॉरहॉलचा हात फिरूनही जे पुरलं नाही, ते मॉडेलच्या एका फेरीने पुरेल असं धरून चालू नये.

म्हणून फोटो स्वतःचा असेल तर उत्तम. मूळ रॉ फाइल जपून ठेवा, तोच पुरावा. फुकट फोटोंच्या साइटवरचा असेल, तर अट नीट वाचा. अनस्प्लॅशच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मुभा आहे, पण लक्षणीय बदल न करता फोटो विकायला मनाई आहे. शैली चढवणं हा लक्षणीय बदल आहे का, हे तिथे लिहिलेलं नाही. मॉडेल जोरकस असेल आणि चौकटही तुम्ही बदलली असेल तर बाजू बरी. हलका वॉटरकलर फिल्टर लावून तीच चौकट छापली असेल तर मी ती विकायला ठेवणार नाही. विकत घेतलेल्या स्टॉक फोटोचं तर अगदी स्पष्ट आहे. साधा परवाना जाहिरात, पुस्तक, वेबपान यांसाठी असतो. ज्या वस्तूची किंमतच चित्रामुळे आहे, म्हणजे पोस्टर, मग, टी-शर्ट, तिच्यासाठी विस्तारित परवाना लागतो. ॲडोबी स्टॉकच्या साध्या परवान्यात पाच लाख छापील प्रतींपर्यंत मुभा आहे हे वाचून लोक निवांत होतात, पण ती मर्यादा पुनर्विक्रीच्या मालाला लागूच होत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या फोटोत अक्षरं वाचायची. `NC` असेल तर विक्री बंद. `ND` असेल तर शैली चढवलेली प्रत कुणाला देताच येत नाही, फुकटसुद्धा. `SA` असेल तर पोस्टर विकता येतं, पण त्याच परवान्याखाली, म्हणजे घेणाराही ते पुन्हा छापू शकतो. नुसतं `BY` असेल तर छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचा दुवा आणि ‘बदल केला आहे’ एवढं लिहायचं; पोस्टरच्या मागे किंवा मगच्या खोक्यावर ते बसतं.

फोटोतल्या वस्तूंचीही तपासणी असते. दुकानाची पाटी, गाडीवरचं बोधचिन्ह, भिंतीवरचं चित्र, ओळखू येणारा चेहरा. शैली-मॉडेल बारीक अक्षरं पुसून टाकतं, त्यामुळे निर्धास्त वाटतं. बोधचिन्हाचा बाहेरचा आकार आणि रंग मात्र टिकतात आणि ते चिन्ह तेवढ्यावर ओळखता येतं. छपाईच्या आकारात चित्र उघडून पाहा, स्क्रीनवरच्या छोट्या रूपात नव्हे. चेहरा असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी, आणि तिच्यात ‘विक्रीच्या वस्तूंवर’ हे शब्द हवेत.

पाचवी ओळ आकार वाढवणाऱ्या मॉडेलची. बारा बाय अठरा इंच, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेल. शैली-मॉडेलमधून आलेलं चित्र ९०० बाय १३५० असेल तर ते चौपट करावं लागतं. इथे अनेक जण सवयीने `4x-UltraSharp` वापरतात, कारण ते धारदार काम करतं. त्याचा परवाना `CC BY-NC-SA 4.0` आहे. बाकी चारही ओळी स्वच्छ असल्या तरी पोस्टर इथे अडकतं, आणि ते लक्षातही येत नाही, कारण आकार वाढवणं ही कुणाला ‘मॉडेल वापरणं’ वाटतच नाही. `Real-ESRGAN` तीन कलमी बीएसडी परवान्याखाली आहे. तिथे ही अडचण नाही. चेहरे नीट करणाऱ्या `CodeFormer`चीही तीच कथा: त्याचा एस-लॅब परवाना बिगर-व्यावसायिक वापरापुरता आहे, आणि कित्येक प्रोग्राममध्ये ते एका खुणेच्या चौकटीमागे आधीच बसवलेलं असतं.

हिशोब मांडला तर आपल्या पोस्टरच्या कोडच्या आणि शैलीच्या ओळी तर अडतातच, बाकीच्या ओळींतही काही ना काही खटकू शकतं. मग ते पुन्हा करायचं. एकाच पोस्टरसाठी झटपट मॉडेलची गरज नाही. २०१५ साली गॅटिस आणि सहकाऱ्यांनी मांडलेली मूळ पद्धत चालते: फोटो आणि शैलीचं चित्र समोर ठेवून चित्र पायरीपायरीने घडवत नेणारी. तिला वेगळं प्रशिक्षण आणि हजारो फोटोंचा साठा लागत नाही. `VGG`च्या वेट्स आणि दोन चित्रं पुरतात. वेळ जास्त लागतो, पण परवान्याची साखळी दोन कड्यांनी आखूड होते. कोड एमआयटी किंवा बीएसडीखालचा. शैलीसाठी होकुसाईची लाट, आणि तिची प्रतिमा न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या खुल्या संग्रहातून, जिथे ती `CC0` खाली मिळते. चित्र जुनं असलं तरी त्याच्या छायाचित्रावर काही देशांत वेगळा दावा होऊ शकतो, म्हणून प्रतिमा कुठून घेतली तेही नोंदवायचं. फोटो स्वतःचा, पाट्या टाळून काढलेला. आकार वाढवायला `Real-ESRGAN`. मूळचा केशरी ओलेपणा यात येणार नाही, निळसर काही येईल. तो सौदा मान्य असेल तरच पुढे जा.

शब्दांवरून चित्र काढणाऱ्या डिफ्यूजन मॉडेलवर काम करणाऱ्यांसाठी ओळी त्याच, नावं वेगळी. वेट्सच्या जागी दोन-तीन थर येतात: मूळ मॉडेल, त्यावरचा शैलीचा लोरा, म्हणजे ती शैली शिकवणारी छोटी जोडफाइल, आणि बहुतेक वेळा एखादा ॲडॅप्टर. `Stable Diffusion 1.5` आणि `SDXL 1.0` यांच्या ओपनरेल परवान्यांत निर्मात्यांनी चित्रांवर हक्क सांगितलेला नाही. वापराच्या निषिद्ध कामांची यादी जोडलेली आहे, ती वाचा. `Stable Diffusion 3.5`चा समुदाय परवाना वार्षिक उत्पन्न दहा लाख अमेरिकी डॉलरच्या आत असेपर्यंत फुकट आहे. `FLUX.1` मात्र जपून. `schnell` अपाचे २.० खाली आहे. `dev`च्या बिगर-व्यावसायिक परवान्यात चित्रं व्यावसायिक कामाला वापरता येतील असं वाक्य होतं, ते एकटं कापून लोक इकडेतिकडे चिकटवतात; त्याच परवान्यात मॉडेल चालवण्याची परवानगी मात्र बिगर-व्यावसायिक कामापुरती आहे. विक्रीसाठीच चित्रं काढायला ते चालवणं कुठल्या वाक्यात बसतं, हे तुमच्या आवृत्तीचा पूर्ण मजकूर वाचूनच ठरवा. शंका राहिली तर `schnell` घ्या.

लोराचा परवाना मूळ मॉडेलपेक्षा कडक असू शकतो, सैल असू शकत नाही. सिव्हिटाई या मॉडेलं वाटणाऱ्या साइटवर प्रत्येक मॉडेलच्या पानावर परवानग्यांच्या खुणा असतात. त्यात काढलेली चित्रं विकता येतील का, ही वेगळी खूण आहे. आणि चेहरा टिकवणारा `IP-Adapter-FaceID` वापरला असेल, तर तो `InsightFace`वर उभा आहे, म्हणजे वरची ती संशोधनाची अट इथे मागच्या दाराने येते.

जुन्या चित्रात नेमकं काय वापरलं ते आठवत नसेल, तर मूळ पीएनजीत ते लिहिलेलं असण्याची शक्यता असते:

```
exiftool -Parameters -Prompt -Workflow poster.png
sha256sum style_lora.safetensors
```

चित्रं काढायचा `AUTOMATIC1111` हा प्रोग्राम मॉडेलचं नाव आणि हॅशची, म्हणजे फाइलच्या ठशाची, पहिली दहा अक्षरं तिथे ठेवतो. `ComfyUI` हा दुसरा प्रोग्राम अख्खी मांडणीच ठेवतो. दुसऱ्या ओळीचा हॅश सिव्हिटाईच्या शोधात टाकला की नाव बदललेली फाइलही ओळखू येते. चित्र जेपीजी केलं किंवा मेसेजिंग ॲपवरून पाठवलं की ही माहिती जाते, म्हणून पहिली पीएनजी कधीच पुसू नये.

ऑनलाइन सेवेवर चित्र केलं असेल तर वेट्सचा प्रश्न मिटतो, त्याऐवजी योजनेचा येतो. मिडजर्नीच्या अटींत वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या कंपनीला वरच्या, म्हणजे प्रो किंवा मेगा योजनेची अट आहे. पूर्वीच्या फुकट खात्यांवरची चित्रं तर बिगर-व्यावसायिक परवान्याखालीच होती. चित्र ज्या दिवशी केलं त्या दिवशीची योजना आणि अटी धरायच्या. पावती आणि अटींच्या पानाची पीडीएफ त्याच दिवशी काढून ठेवली तर पुढे शोधाशोध होत नाही.

सगळ्या ओळी भरल्या, तरी आणखी एक गोष्ट विक्रीच्या आधी पक्की करावी लागते: या चित्रावर तुमचा स्वतःचा हक्क किती. अंकित साहनी यांचं ‘सूर्यास्त’ हे चित्र नेमकं आपल्याच प्रकारातलं. त्यांनी स्वतः काढलेला सूर्यास्ताचा फोटो, शैलीसाठी व्हॅन गॉगचं तारांकित रात्रीचं चित्र, आणि शैली किती चढवायची याचा आकडा, एवढं एका स्टाइल ट्रान्सफर प्रोग्रामला दिलं होतं. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या फेरविचार मंडळाने ११ डिसेंबर २०२३ रोजी नोंदणी नाकारली: अंतिम चित्रातले रंग, आकार, फटकारे प्रोग्रामने ठरवले, माणसाने नाही. मूळ फोटोवरचा हक्क त्यामुळे जात नाही. पण शैली चढलेल्या रूपाची कुणी नक्कल केली तर अमेरिकेत तुमची बाजू लंगडी पडते. म्हणून खरेदीदाराला ‘अनन्य हक्क’ विकू नका, आणि छपाई-विक्रीच्या साइटवर ‘या चित्राच्या कॉपीराइटचा मालक मीच’ अशी चौकट असेल तर तिच्या शेजारचं नुकसानभरपाईचं कलम आधी वाचा. दावा आला तर साइट तुमच्याकडे बोट दाखवणार, हे त्याच कलमात लिहिलेलं असतं. एट्सीवर मालाच्या वर्णनात एआयचा वापर सांगणं बंधनकारक आहे. लपवलं तर परवाने स्वच्छ असूनही माल उतरवला जाऊ शकतो.

एखाद्या बिगर-व्यावसायिक मॉडेलशिवाय पर्यायच नसेल, तर लेखकाला मेल लिहा. ‘व्यावसायिक वापर चालेल का’ एवढंच विचारलं की उत्तर येत नाही किंवा मोघम येतं. रेपो आणि कमिट, वेट्सच्या फाइलचं नाव, वस्तू कुठल्या, अंदाजे प्रती किती, कुठल्या देशांत, किती वर्षं, हे सगळं एका परिच्छेदात द्या आणि मॉडेल पुढे देणार नाही, फक्त छापील चित्रं विकणार, हे स्पष्ट लिहा. मोठ्या प्रयोगशाळेचं मॉडेल असेल तर हक्क संस्थेकडे असतात. पहिल्या लेखकाचा मित्रत्वाचा होकार तिथे पुरत नाही, म्हणून होकार देण्याचा अधिकार कुणाला आहे, हेही विचारून घ्या. होकार आला की तो मेल त्याच नोंदीच्या फाइलशेजारी ठेवा, वेट्सच्या हॅशसकट. दुसऱ्या खेपेच्या छपाईला आकार बदलायचा म्हणून कुणी नव्या आवृत्तीवर चित्र पुन्हा काढलं, तर हॅश जुळणार नाही आणि जुना होकार त्या चित्राला लागू होणार नाही.